ऐनवेळी क्लायंटची मीटिंग रद्द करावी लागली, तर निरोप कसा लिहायचा? (दिलगिरी खरी वाटावी आणि पुढची वेळही ठरावी)

अवनी_ल | मंगळवार, सकाळी १०:१५

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत क्लायंटशी रोज बोलणाऱ्या छोट्या टीमचं काम पाहते. एक प्रसंग सांगते. त्यावरून आमच्या टीमने पुढे काय लिहायला हवं, हे समजून घ्यायचं आहे.

एका क्लायंटच्या गोदामातला साठा जुन्या सिस्टीममधून आमच्या सिस्टीममध्ये आणायचं काम सुरू आहे. गेल्या गुरुवारी, ९ तारखेला दुपारी ३ वाजता ऑनलाइन मीटिंग होती. नमुन्याचा डेटा दाखवायचा आणि नवी सिस्टीम कोणत्या तारखेला सुरू करायची ते ठरवायचं, एवढाच विषय. त्यांच्याकडून चार जण येणार होते. बुधवारी रात्री डेटा आणताना काहीतरी बिघडलं आणि गुरुवारी सकाळपासून साठ्याचे आकडे जुळेनात. मीटिंग रद्द करणं भाग होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण दुपारी १२:४० ला माझ्या सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर हा निरोप पाठवला:

> हाय सर, आजचं जरा जमत नाहीये, काही कामं निघाली आहेत. पुढच्या आठवड्यात बघूया का? त्रास झाला असेल तर सॉरी 🙏

उत्तर आलं, "ओके." त्यानंतर काही नाही. काल आठवण केली तर "कळवतो" एवढंच. हे गृहस्थ एरवी अर्ध्या तासात उत्तर देतात. सहकाऱ्याच्या मते ते कामात असतील. मला तसं वाटत नाही.

निरोपात नेमकं काय बिघडलं आणि तो कसा असायला हवा होता?

---

रोखठोक | सकाळी १०:४०

माझ्या मते तुम्ही जास्त विचार करताय. मीटिंगा रद्द होतात, सगळ्यांच्याच होतात. निरोप छोटा होता हे चांगलंच आहे. लांबलचक माफीनामा वाचायला कोणाला वेळ असतो?

मी दोनच बदल करेन. "सॉरी"च्या जागी "समजून घेतल्याबद्दल धन्यवाद" लिहीन, कारण सतत माफी मागणारा माणूस कमकुवत वाटतो. आणि वेळ निवडायची लिंक देईन, म्हणजे त्यांनी हवी ती वेळ स्वतः घ्यावी. विषय संपला.

---

प्रतिमा_दुभाषी | सकाळी ११:०५

हा विषय निघाला ते बरं झालं. मी दुभाषी म्हणून एकटीच काम करते आणि क्लायंट माझ्या मीटिंगा सर्रास आदल्या रात्री रद्द करतात. मी तयारीला दोन-दोन दिवस दिलेले असतात. रद्द करण्याचे पैसे घ्यायचे असतील तर ते करारात कसं लिहायचं?

---

जुनाखलाशी | सकाळी ११:५०

प्रतिमाताई, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो उलट्या बाजूचा आहे. इथे रद्द करणारे आपण आहोत. पैशांबद्दल वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन.

अवनी, मी बरीच वर्षं क्लायंट सांभाळण्याचंच काम केलं आहे. तुमच्या सहकाऱ्याचा निरोप उद्धट नाही. तो मोघम आहे, आणि ऐनवेळी मोघमपणा फार लागतो. ओळीओळीने पाहू.

"जरा जमत नाहीये" यातून मीटिंग रद्द झाली, की तासभर पुढे गेली, की तुमच्यातला एकच जण येणार नाही, हे कळत नाही. समोरच्याला ते विचारून घ्यावं लागतं किंवा अंदाज बांधावा लागतो. फोनच्या पडद्यावर आधी पहिली ओळच दिसते. त्या ओळीत वार, वेळ आणि "रद्द" हा शब्द हवा.

"काही कामं निघाली आहेत" हे तर सरळ घातक आहे. वाचणारा मनात म्हणतो, म्हणजे माझ्यापेक्षा महत्त्वाची कामं. खरं तर तुम्ही त्यांच्याच कामात अडकला होतात! खरं कारण त्या निरोपापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

"त्रास झाला असेल तर" यातला "तर" काढलाच पाहिजे. चार माणसांची वेळ गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग जर-तर कशाला? आणि "त्रास" म्हणजे कोणता? मी असं करतो: निरोप लिहिण्याआधी दोन मिनिटं बसून समोरच्याने या मीटिंगसाठी काय काय केलं असेल ते कागदावर उतरवतो. कोणाकोणाला बोलावलं, कोणी काय पुढे ढकललं, मीटिंगनंतर ते काय करणार होते. त्यातलं जे मला खात्रीने माहीत आहे तेच दिलगिरीत येतं. जे माहीत नाही ते कल्पनेने घालत नाही, कारण चुकीचा अंदाज आणखी वाईट दिसतो.

शेवटी "पुढच्या आठवड्यात बघूया का?" पाच दिवसांतली वेळ शोधायचं काम यातून तुम्ही त्यांच्यावर टाकलंत. मीटिंग तुम्ही मोडलीत, तर ती पुन्हा जुळवायचे कष्ट तुमचे. दोन वेळा द्या. वार, तारीख, सुरुवात आणि शेवट लिहा. एक सकाळची, एक दुपारची, वेगवेगळ्या दिवशी. आणि निरोप पाठवायच्या आधी त्या वेळा आपल्या सगळ्या माणसांच्या कॅलेंडरवर राखून ठेवा. क्लायंटने वेळ निवडली आणि तुम्हीच "अरे, तेव्हा आमचा डेव्हलपर नाही" म्हणालात, तर पहिली दिलगिरी तिथेच वाया गेली.

रोखठोक, लांबण नको हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण "समजून घेतल्याबद्दल धन्यवाद" याच्याशी मी सहमत नाही. त्यांनी अजून समजून घेतलेलं नाही. त्यांच्या वतीने तुम्हीच ते ठरवून टाकता. ते वाक्य उत्तर आल्यानंतर लिहा, तिथे ते शोभतं.

---

खिडकीपाशी | दुपारी १२:३०

मी पलीकडच्या बाजूची आहे. एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. असा निरोप आला की माझ्याकडे काय होतं ते सांगते.

मीटिंगला येणारे चार जण पुरवठादाराने गोळा केलेले नसतात, मी केलेले असतात. गोदामातला माणूस सहजासहजी जागेवरून हलत नाही. त्याला मी दोनदा विनवलेलं असतं. हिशेब विभागातल्या बाईंनी माझ्या शब्दावर एक तास काढलेला असतो. १२:४० ला "जरा जमत नाहीये" आलं, की आता या तिघांकडे मला जायचं असतं. ते विचारतात, "का रद्द?" मी काय सांगू? "त्यांना कामं निघाली"? माझ्याच लोकांपुढे मी तोंडघशी पडते. दिलगिरी तुमची, पण मागावी लागते मला.

म्हणून माझी एकच अपेक्षा असते. निरोप असा लिहा की मी तो एक अक्षर न बदलता त्या तिघांना पुढे पाठवू शकेन. त्यात कारण असेल, त्यांचीही दखल असेल, पुढच्या वेळा असतील. मग माझं काम एका मिनिटात होतं आणि तुमच्याबद्दलचा रागही उतरतो.

आणखी एक. चुकीचे आकडे बघत तासभर बसण्यापेक्षा मीटिंग रद्द झालेली मला हजारदा चालेल. राग येतो तो उशिरा कळवल्याचा. अवनी, तुम्हीच लिहिलंय की आकडे सकाळपासून जुळत नव्हते. मग १२:४० पर्यंत का थांबलात? दिलगिरी मागायची तर त्याची मागा.

---

अवनी_ल | दुपारी १:२०

हे वाचून "ओके"चा अर्थ आत्ता लागला. त्यांच्या गोदामप्रमुखांनी त्या दिवशीची मोजणी आमच्यासाठी पुढे ढकलली होती, हे आम्हाला माहीत होतं. निरोपात त्याचा उल्लेखही नाही.

थांबण्याचं कारण म्हणजे डेव्हलपर दर अर्ध्या तासाने "होईलच आता" म्हणत होता.

सगळ्यांचं ऐकून एक मसुदा केला आहे, गुरुवारी लिहिला असता असं धरून:

> आदरणीय सर, सर्वप्रथम आम्ही अत्यंत मनापासून दिलगीर आहोत. आपल्यासारख्या मौल्यवान क्लायंटला असा अनुभव यावा याचं आम्हाला अतीव दुःख आहे. काल रात्री डेटा आयात करताना काही वस्तूंच्या कोडमध्ये सुरुवातीचे शून्य गळाल्यामुळे वेगवेगळ्या वस्तू एकत्र झाल्या, त्यामुळे साठा चुकीचा दिसू लागला. आमचा डेव्हलपर रात्रभर प्रयत्न करत होता, परंतु… आम्ही पुन्हा एकदा क्षमा मागतो. कृपया सोमवार ते शुक्रवार कधीही वेळ द्यावी. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.

---

मृ | दुपारी १:३५

"अतीव दुःख" वाचून मला वाटलं कोणी आजारी आहे.

---

जुनाखलाशी | दुपारी २:२५

अवनी, पहिल्या निरोपाला दिलगिरी कमी पडली होती, इथे ती ओसंडून वाहते आहे. तीनदा क्षमा मागितली आहे, पण मीटिंग रद्द आहे हे वाक्य कुठेच नाही! तेच पुन्हा शोधावं लागतं. दिलगिरी एकदाच आणि नेमकी असली की पुरते. तीच ती पुन्हा आली की समोरच्याला वाटतं, आता मलाच यांची समजूत काढायची आहे.

डेव्हलपर रात्रभर जागला, हे काढा. ते खरं असेल, पण वाचणाऱ्याला ते सारवासारवीसारखं लागतं.

कोडमधले शून्य गळाले, हे आज काढा आणि दुरुस्तीच्या टिपणात लिहा. रद्दच्या निरोपात कारण एका वाक्याचं असावं, आणि ते क्लायंटच्या बाजूने सांगावं: आकडे जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या आकड्यांवर तुम्ही तारीख ठरवावी असं आम्हाला वाटत नाही. हे कारण त्यांना लगेच पटेल, कारण त्यात त्यांचं हित आहे.

"सोमवार ते शुक्रवार कधीही" हे औदार्य वाटतं, पण "पुढच्या आठवड्यात बघूया"चंच ते दुसरं रूप आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. वेळा सुचवण्याआधी डेव्हलपरला हे विचारू नका की "कधी होईल?" त्याचं उत्तर "होईलच आता" असं येतं, ते तुम्ही पाहिलंत. विचारा, "सगळं वाकडं गेलं तरी कोणत्या दिवशी नक्की झालेलं असेल?" तो शनिवार म्हणाला, तर पहिली वेळ सोमवार दुपारची द्या. शुक्रवारची देऊ नका, कितीही मोह झाला तरी. लवकरची वेळ देऊन आपण तत्पर दिसतो, पण तीही रद्द झाली तर त्या क्लायंटकडे तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही. आणि दुसरी हद्द त्यांच्याकडची. त्यांना तारीख कधीपर्यंत ठरवायची आहे?

---

अवनी_ल | दुपारी २:४०

२० तारखेपर्यंत. गोदाम एक दिवस बंद ठेवावं लागणार आहे आणि ते त्यांना पुरवठादारांना आधी कळवायचं आहे.

---

जुनाखलाशी | दुपारी २:५०

मग ही हद्द निरोपात दिसायलाच हवी. त्यांची २० तारीख तुमच्या लक्षात आहे, एवढं कळलं तरी त्यांची अर्धी काळजी मिटते.

---

रोखठोक | दुपारी ३:१०

धन्यवादाच्या वाक्याबद्दलचा मुद्दा मान्य. पण कारणाबद्दल मला अजून शंका आहे. सिस्टीम सुरू व्हायच्या तोंडावर "आकडे जुळत नाहीत" असं लेखी कळवायचं? क्लायंट घाबरेल. तो निरोप चार जणांना पुढे जाणार, त्यातला एक जण आधीच नव्या सिस्टीमच्या विरोधात असेल, त्याच्या हाती आयतं कोलीत. मी "तांत्रिक कारणामुळे" एवढंच लिहिलं असतं. ते खोटं नाही.

---

खिडकीपाशी | दुपारी ३:३०

खोटं नाही, पण "तांत्रिक कारण" वाचून मी सगळ्यात वाईट कल्पना करते. तुमचा सर्व्हर गेला का? आमचा डेटा गेला का? "नमुन्याचे आकडे जुळत नाहीत, दुरुस्ती सुरू आहे" यात मला सीमा कळते. विरोधात असलेला माणूस असतो, हे मात्र खरं आहे. आमच्याकडेही आहे.

---

जुनाखलाशी | दुपारी ३:४०

यावर माझं एकच असं उत्तर नाही. क्लायंटशी नातं जुनं असेल तर मी नेमकं कारण लिहितो. नवीन असेल तर फोनवर नेमकं सांगतो आणि लेखी निरोपात एक पायरी कमी तपशील ठेवतो. पण फोनवर एक आणि कागदावर भलतंच असं कधी नको. "याचा अर्थ काय?" असं समोरून आलं, तर लिहिलेल्या कारणावर ठाम उभं राहता यायला हवं.

फोनवरून आठवलं. मीटिंगला तीनेक तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर आधी फोन, मग लेखी. कोणी वाटेत असेल तर किती वेळ उरला आहे याचा विचारच करू नका, लगेच फोन करा. फोन उचलला नाही तर एका ओळीचा निरोप टाका, "आजची ३ ची मीटिंग रद्द करावी लागत आहे, सविस्तर मेल पाठवतो," आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसल्या म्हणजे चौघांना कळलं असं समजू नका.

---

नंदू_कॅलेंडर | दुपारी ४:०५

एक व्यवहाराची गोष्ट राहिली, कॅलेंडरवरचं आमंत्रण. त्याचं काय केलंत?

बरेच जण आधी तिथली नोंद उडवतात. गूगल कॅलेंडर असो की आउटलुक, आयोजकाने नोंद रद्द केली की पाहुण्यांना रद्द झाल्याची मेल जाते. म्हणजे तुमचा विचारपूर्वक लिहिलेला निरोप पोचायच्या आधी यंत्राने पाठवलेली कोरडी सूचना पोचते. क्रम असा ठेवा: फोन, मग मेल, मग कॅलेंडर. रद्द करताना दोन्हीकडे चार शब्द लिहायची जागा मिळते, तिथे "सविस्तर मेल पाठवली आहे" असं घाला.

मीटिंग दर आठवड्याची असेल तर जास्त सांभाळा. गूगल कॅलेंडर विचारतं, `This event`, `This and following events` की `All events`. घाईत शेवटचा पर्याय दाबला गेला तर वर्षभराच्या मीटिंगा क्लायंटच्या कॅलेंडरवरून जातात, आणि त्याला वाटतं की करारच मोडला.

तिसरं, ती नोंद ओढून नव्या दिवसावर टाकू नका. क्लायंटने होकार देण्याआधीच त्याच्याकडे नव्या वेळेचं आमंत्रण जातं आणि "आम्ही ठरवलंय, तुम्ही या" असा त्याचा अर्थ होतो. दोन वेळा राखायच्या त्या फक्त आपल्या माणसांच्या कॅलेंडरवर, क्लायंटला पाहुणा न करता. होकार आला की एक पक्की करा आणि दुसरी त्याच क्षणी सोडा.

रोखठोक यांच्या लिंकबद्दल: मला ती आवडते. पण ज्याची मीटिंग आपण आत्ताच मोडली त्याला "ही लिंक, घ्या निवडून" म्हणणं कोरडं वाटतं. दोन वेळा आधी द्या, लिंक खाली, तिसरा मार्ग म्हणून.

---

रोखठोक | दुपारी ४:२०

माझे क्लायंट लिंकच पसंत करतात, त्यांना मेलचा खेळ नको असतो. पण ते एकेकटे असतात, चौघांना जुळवायचं नसतं. कदाचित तो फरक असेल.

---

प्रतिमा_दुभाषी | संध्याकाळी ५:००

सकाळी मी भलतीकडेच गेले. आता नेमकं विचारते. आम्ही एकटे काम करणारे अचानक आजारी पडतो. ताप आहे, उद्याचं काम जमणार नाही, आणि कधी बरं वाटेल तेही माहीत नाही. अशा वेळी दोन वेळा कुठून देऊ?

---

जुनाखलाशी | संध्याकाळी ५:२५

मग वेळ देऊच नका. ती खोटी ठरेल. त्याऐवजी पुढचा निरोप कधी देणार, ती वेळ द्या. "सोमवारी मी उभी राहू शकेन की नाही, हे शनिवारी दुपारी १२ पर्यंत नक्की कळवते." तेवढं तुमच्या हातात आहे. आणि तब्येतीचा तपशील नको, "आजारी आहे" पुरे.

तुमच्या कामात आणखी एक वाक्य हवं. त्यांना थांबणं शक्य नसेल तर दुसरा दुभाषी घ्यायला तुमची काही हरकत नाही, आणि तयारीची शब्दसूची तुम्ही त्याच्याकडे द्याल. काम हातचं जाईल अशी भीती वाटते, समजतं मला. पण अडकून पडलेला क्लायंट पुढच्या वेळी तसाही परत येत नाही.

---

प्रतिमा_दुभाषी | संध्याकाळी ५:४०

शब्दसूचीचं मला सुचलं नसतं. तीच तर दोन दिवसांची मेहनत असते. द्यायला जीवावर येईल, पण देईन.

---

अवनी_ल | संध्याकाळी ७:१०

दुसरा मसुदा. ९ तारखेला दुपारी आधी फोन करून मग पाठवायची मेल, असं धरून:

> विषय: आजची ३ ची मीटिंग रद्द, पुढच्या दोन वेळा खाली
>
> नमस्कार सर,
>
> आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे आज, गुरुवार ९ तारखेची दुपारी ३ ची मीटिंग आम्ही रद्द करत आहोत. नमुन्यातले साठ्याचे आकडे तुमच्या जुन्या सिस्टीमशी अजून जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या आकड्यांवर तुम्हाला तारीख ठरवायला सांगणं योग्य नाही.
>
> ही अडचण आम्हाला सकाळीच दिसत होती, तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं. तुम्ही चौघांनी ही वेळ मोकळी ठेवली होती आणि गोदामप्रमुखांनी आजची मोजणी पुढे ढकलली होती. इतक्या उशिरा सांगितल्याबद्दल मी तुम्हा चौघांचीही माफी मागते.
>
> पुढच्या दोन वेळा आमच्या सगळ्यांकडे राखून ठेवल्या आहेत:
> सोमवार, १३ तारीख, दुपारी ३ ते ३:४५
> मंगळवार, १४ तारीख, सकाळी ११ ते ११:४५
>
> उद्या संध्याकाळी ५ पर्यंत दोन्ही तुमच्यासाठी मोकळ्या राहतील. दोन्ही अडचणीच्या असतील तर तुमची वेळ सांगा, आम्ही आमची कामं हलवू. तुम्हाला २० तारखेपर्यंत निर्णय हवा आहे हे आमच्या लक्षात आहे.
>
> जुळलेल्या आणि न जुळलेल्या वस्तूंची यादी आज ५ पर्यंत पाठवते, म्हणजे मीटिंगची वाट न पाहता तुम्हाला ती बघता येईल.

---

खिडकीपाशी | संध्याकाळी ७:३०

हा निरोप मी जसाच्या तसा पुढे पाठवला असता. "चौघांचीही" हे फार बरं केलंत. यादीचं वाक्यही उत्तम, पण ५ म्हणजे ५. रद्दच्या दिवशी दिलेला छोटा शब्द मोडला तर तो जास्त लक्षात राहतो.

---

रोखठोक | संध्याकाळी ७:४५

मसुदा चांगला आहे. एक प्रश्न मात्र उरतोच. निरोप सहकाऱ्याने पाठवला होता, मग माफी तुम्ही का मागायची? तुम्ही मध्ये पडलात की क्लायंट पुढे त्याला विचारणारच नाही, थेट तुम्हालाच फोन करेल.

---

जुनाखलाशी | रात्री ८:०५

मुद्द्यात दम आहे. माझा कल असा, की रोज बोलणाऱ्यानेच फोन करावा आणि वरच्या माणसाने मेलमध्ये एक ओळ घालावी.

---

खिडकीपाशी | रात्री ८:१५

मला उलट वाटतं. माझ्या चार माणसांचा तास गेलेला असताना मला निर्णय घेणाऱ्या माणसाचा आवाज ऐकायचा असतो.

---

अवनी_ल | रात्री ८:४०

यावर सहकाऱ्याशीच बोलते. पण मीटिंग मोडून आता पाच दिवस झाले. आत्ता हा मसुदा पाठवणं विचित्र दिसेल, नाही का?

---

जुनाखलाशी | रात्री ८:५५

हो, तो आता पाठवू नका. त्यातल्या वेळाही उलटून गेल्या. उद्या सकाळी फोन करा आणि थेट सांगा: गुरुवारी आम्ही उशिरा आणि मोघम कळवलं, कारणही नीट सांगितलं नाही, खरं कारण हे होतं. मग थांबा. त्यांना बोलू द्या. ते काही तीव्र बोलले तर मध्येच खुलासा करू नका. ते बोलून झाल्यावर दोन नव्या वेळा द्या. आणि आकडे आज खरोखर जुळलेत ना, हे फोनआधी स्वतः पाहा.

---

अवनी_ल | बुधवार, दुपारी १२:२०

आकडे रात्री स्वतः तपासले, जुळले आहेत. सकाळी सहकारी आणि मी मिळून फोन केला. त्यानेच सुरुवात केली, मी नंतर बोलले. सर आधी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की गोदामप्रमुखांना त्यांनी "यांची तयारी नाही" असंच सांगून टाकलं होतं, आणि त्या गृहस्थांनी नव्या सिस्टीमची तारीख पुढच्या महिन्यात न्या असा आग्रह धरला आहे. खिडकीपाशी, तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं.

शुक्रवार, १७ तारीख, सकाळी ११ ची वेळ त्यांनी घेतली. एक अट घातली: जुळलेले आकडे आदल्या दिवशी गोदामप्रमुखांच्या हातात हवेत. ते २० तारखेच्या निर्णयाला तयार होतील की नाही, हे सर सांगू शकले नाहीत.

---

नंदू_कॅलेंडर | बुधवार, दुपारी १२:४५

मग गुरुवारी संध्याकाळी ४ ला तुमच्या टीमची पंधरा मिनिटांची नोंद आत्ताच टाका: आकडे पाहायचे आणि शुक्रवारची मीटिंग होणार की नाही ते ठरवायचं. तेव्हा आकडे जुळलेले नसतील तर त्याच क्षणी कळवायचं, "होईलच आता" यावर थांबायचं नाही.

---

खिडकीपाशी | बुधवार, दुपारी १:००

आणि ती वेळ सरांनाही सांगून ठेवा. "गुरुवारी ५ पर्यंत आकडे किंवा निरोप, दोन्हींपैकी एक नक्की येईल." म्हणजे शुक्रवारी सकाळी गोदामप्रमुखांना बोलावताना त्यांच्या मनात धाकधूक राहणार नाही.

---

अवनी_ल | बुधवार, दुपारी १:१०

दोन्ही केलं. कॅलेंडरवर नोंद टाकली आणि सरांना लिहिलं. उत्तर आलं: "ठीक. गोदामप्रमुखांनाही मेलमध्ये ठेवा."